दाट, लांब केसांना एकसारखा रंग: सेक्शन कसे पाडायचे, आधी कुठे लावायचं

ठाण्यातल्या आमच्या पार्लरमध्ये आणि त्याहून जास्त व्हॉट्सॲपवर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ज्यांची वेणी एका मुठीत मावत नाही आणि केस पाठीच्या निम्म्याखाली जातात, त्यांच्यासाठी ही उत्तरं आहेत. बोलणं आहे ते ट्यूब आणि डेव्हलपर मिसळून लावायच्या क्रीम रंगाबद्दल. ब्लीच किंवा हायलाइट्सचे नियम वेगळे, आणि एवढ्या लांब केसांवर ते घरी करू नयेत.

१. सेक्शन पाडायलाच हवेत का? मी शाम्पूसारखा चोळून लावते, वरून तर छान काळे दिसतात.

वरून दिसतात, कारण वरच्या थराला रंग भरपूर मिळालेला असतो. केस वर बांधले किंवा आंबाडा घातला की मानेजवळचा आणि कानामागचा भाग उघडा पडतो आणि तिथले फिके पट्टे दिसतात. क्रीम रंग घट्ट असतो. तो तेलासारखा आपोआप आत उतरत नाही, ज्या केसाला चिकटतो तिथेच काम करतो. दाट केसांत बाहेरचे केस रंग अडवून धरतात आणि आतले कोरडेच राहतात. शिवाय चोळताना लांब केसांच्या गाठी होतात, आणि गाठीच्या आत तर रंग पोचतच नाही.

२. मग किती सेक्शन, आणि नेमके कुठून?

आधी चार. शेपटीच्या कंगव्याने कपाळाच्या मध्यापासून टाळूवरून थेट मानेपर्यंत सरळ भांग पाडा. मग एका कानाच्या वरून, डोक्याच्या सर्वांत उंच जागेवरून, दुसऱ्या कानापर्यंत आडवा भांग. पुढे दोन आणि मागे दोन असे चार भाग झाले. प्रत्येक भाग पीळ घालून क्लिपने घट्ट बांधा.

दाट केसांना चार पुरत नाहीत, आणि कमी पडतात ते मागे. डोक्याच्या मागच्या बाजूला बोट फिरवलं की हाडाचा उंचवटा लागतो. त्या रेषेवर मागचे दोन्ही भाग आडवे कापा. आता मागे चार, पुढे दोन, एकूण सहा. केस खूपच दाट असतील तर कानामागची जुडी दोन्ही बाजूंना वेगळी बांधली तरी चालेल, पण त्यापुढे भाग वाढवून फायदा नाही. क्लिपांचीच गर्दी होते.

एकसारखेपणा खरं तर या मोठ्या भागांत नाही, त्यातून काढायच्या पातळ थरांत आहे. रंग लावताना प्रत्येक भागातून अर्धा सेंटीमीटर जाडीचा आडवा थर सोडवायचा. थर बरोबर आहे की नाही हे कळायला सोपी खूण आहे: तो हातावर पसरून उजेडाकडे धरा. पलीकडची बोटं दिसली तर ठीक, नाही दिसली तर थर जाड आहे, निम्मा करा. घाईत सगळ्यांचा थर जाड होतो तो मानेजवळ, आणि केस सर्वांत दाट असतात तेही बहुधा तिथेच.

३. केसांना आजवर कधीच रंग लावलेला नाही. पहिल्यांदा लावताना मुळांपासून सुरू करू का?

नाही. पहिल्यांदा मुळं मागाहून, आधी मधली लांबी.

कारण साधं आहे. डोक्याची त्वचा गरम असते आणि त्या उबेने मुळांजवळच्या एक-दोन सेंटीमीटरवर रंग लवकर चढतो. खालच्या लांबीला ती ऊब मिळत नाही. मुळांपासून टोकांपर्यंत एकदमच लावत गेलं, तर मुळांना ऊबही मिळते आणि वेळही. तुमच्या नैसर्गिक रंगापेक्षा उजळ शेड असेल, म्हणजे काळ्या केसांवर तपकिरी किंवा बरगंडी, तर मुळं लालसर, उठून दिसणारी होतात आणि खाली रंग चढलाच नाही असं वाटतं. मग बाहेरच्या उन्हात तो फरक आणखी ठळक दिसतो.

म्हणून मुळांपासून साधारण दोन सेंटीमीटर सोडून मधल्या लांबीला लावा. सगळ्या डोक्याची लांबी झाली की मग मुळांकडे या.

टोकांचं काय, हे शेडवर ठरतं. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. म्हणजे पाऊण मीटर लांब केसांची टोकं सहा वर्षांची असतात. सहा वर्षांचं ऊन, कंगवा, शाम्पू, स्ट्रेटनर सोसून ती रुक्ष झालेली असतात आणि गडद रंग पटकन पितात. शेड तुमच्या रंगाइतकीच किंवा त्याहून गडद असेल तर शेवटचे आठ-दहा सेंटीमीटर सर्वांत शेवटी ठेवा. शेड उजळ असेल आणि टोकं चांगली असतील तर ती मधल्या लांबीबरोबरच घ्या.

शेड गडद असेल तर मुळांजवळची जागा सोडली नाही म्हणून मोठा घोळ होत नाही. तरी मी सोडतेच, कारण पांढऱ्या केसांच्या मुळांना रंग ताजा मिळायला हवा (प्रश्न ६).

४. दर दीड महिन्याने मुळं पांढरी दिसतात म्हणून लावते. तेव्हाही हाच क्रम?

उलटा. तेव्हा रंग फक्त नव्या वाढीला लावायचा. दीड महिन्यात दीड सेंटीमीटर, तेवढंच. आधीच रंगलेल्या भागावर ब्रश दोन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त जाऊ देऊ नका.

ही शिस्त लांब केसांना जास्त का लागते ते सांगते. दर वेळी उरलेला रंग खालपर्यंत ओढला, तर कमरेजवळच्या केसांवर रंगाचे अनेक थर बसतात. मुळं तपकिरी, मध्य गडद आणि टोकं निर्जीव काळी, अशी तीन रंगांची वेणी दिसते. आणि हा साठलेला काळेपणा दुसरा रंग लावून उतरत नाही. रंगावर रंग लावून केस उजळ होत नाहीत, हे मी प्रत्येकीला सांगते.

खालची लांबी फिकी वाटत असेल तर दर वेळी नाही, तीन-चार वेळांतून एकदा ताजी करा. मुळांची वेळ संपायला पाच मिनिटं असताना थोडं कोमट पाणी घालून तोच रंग हातांनी खाली उतरवा आणि मग धुवा. त्याला नवा रंग मिसळू नका.

५. मागून सुरू करायचं की पुढून? यूट्यूबवर प्रत्येकजण वेगळंच सांगतं.

कारण प्रत्येकाचं काम वेगळं असतं. पूर्ण लांबी रंगवताना मागून, आणि मागेही खालून वर: आधी मानेजवळचा थर, मग त्यावरचा. असं केलं की रंगलेला थर खाली पडून राहतो आणि पुढचा कोरडा थर हातात मोकळा येतो. वरून सुरुवात केली तर प्रत्येक ओला, जड थर उचलून बाजूला ठेवावा लागतो आणि कमरेपर्यंतच्या केसांत ते जमत नाही. मान आधी घेण्याचं आणखी एक कारण म्हणजे तिथे केस दाट असतात आणि रंग चढायला वेळ लागतो. कपाळाच्या कडेचे केस मात्र बारीक, ते लवकर रंगतात, म्हणून शेवटी.

फक्त मुळं करताना सुरुवात तिथून, जिथे पांढरे सर्वांत जास्त. बहुतेकींना ते कानशिलांवर आणि भांगात असतात. पांढरा केस रंग घ्यायला हट्टी असतो, त्याला पूर्ण वेळ मिळाला पाहिजे. आधी सगळ्या भांगांच्या रेषा आणि कपाळाची कड रंगवून घ्या, मग प्रत्येक भागात वरून खाली थर काढत जा. इथे वरून खाली चालतं, कारण लांबी कोरडीच असते.

६. एक डबा पुरत का नाही? दोन आणले तरी शेवटी मानेला कमी पडला.

घरच्या वापराच्या बहुतेक डब्यांतला रंग खांद्यापर्यंतच्या मध्यम केसांना धरून भरलेला असतो. कमरेपर्यंतच्या दाट केसांना पहिल्यांदा पूर्ण लांबी करायची तर मिसळलेला रंग अडीचशे ते तीनशे ग्रॅम धरून चला. फक्त मुळांना साठ-सत्तर ग्रॅम पुरतात. रंग कमी पडतोय असं दिसलं की हात आपोआप पातळ लावायला लागतो आणि डाग तिथेच पडतात. एकाच शेडचा एक डबा जास्त आणा. न उघडलेल्या ट्यूब आणि बाटल्या टिकतात.

सगळा रंग एकदम मिसळू नका. मिसळल्या क्षणापासून त्याची ताकद वापरली जाऊ लागते. अर्ध्या तासाने वाडग्यातला रंग गडद दिसतो, पण केसावर चढणारी शक्ती कमी झालेली असते. अर्धा आता, अर्धा मुळांच्या वेळी. प्रमाण पत्रकात असेल तेच: एकास एक किंवा एकास दीड. दोन्ही वेळी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजा, नाहीतर लांबीची शेड वेगळी आणि मुळांची वेगळी येते. वाडगा प्लास्टिकचा किंवा काचेचा, स्टीलचा नको.

७. लावायलाच पाऊण तास जातो. मग पहिल्या भागावर रंग जास्त वेळ राहून तो जास्त काळा होणार नाही का?

गडद शेडमध्ये भीती वाटते तेवढा होत नाही. हा रंग सुमारे पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटांत आपलं बहुतेक काम संपवतो. नंतर केसावर नुसता राहिला तरी दुप्पट गडद होत नाही. याउलट ज्या भागाला वीसच मिनिटं मिळाली तो हमखास कच्चा राहतो. म्हणून घड्याळ लावायचं ते शेवटचा थर लागल्यावर. पत्रकात एकूण कमाल वेळ लिहिला असेल तर तोच पाळा. त्यात बसत नसेल तर लावायला तिसरे हात घ्या किंवा पार्लर गाठा.

ऐरोलीच्या एक ताई आमच्याकडून विचारून गेल्या आणि घरी जावेच्या मदतीने केस रंगवले. त्यांचं वेळापत्रक इथे देते, कारण ते कुणालाही वापरता येईल. केस कमरेपर्यंत, काळे, कधी न रंगवलेले, कानशिलांवर पांढरे. शेड गडद तपकिरी, म्हणजे ४ नंबर. डेव्हलपर २० व्हॉल्यूम, म्हणजे सहा टक्क्यांचा, प्रमाण एकास दीड. सेक्शन आधीच पाडून ठेवलेले.

तीन वाजता पहिला वाडगा: ६० ग्रॅम रंग, ९० ग्रॅम डेव्हलपर. ताई स्टुलावर बसल्या. जाऊबाई मागे उभ्या, आणि कॉलेजात जाणारी मुलगी थर सोडवून हातात द्यायला. मानेपासून वर, मुळांपासून दोन सेंटीमीटर आणि टोकांकडचे दहा सेंटीमीटर सोडून, मागची लांबी झाली. मग पुढच्या दोन भागांची. तीन वीसला लांबी संपली. लगेच दुसरा वाडगा, तेवढ्याच मापाचा. आधी दोन्ही कानशिलं आणि भांग, मग मागची मुळं, शेवटी कपाळाची कड. तीन छत्तीसला मुळं झाली. उरलेला रंग टोकांना लावला आणि केस सैल गुंडाळून वर ठेवले. तीन चाळीसपासून पस्तीस मिनिटं. सव्वाचारला धुणं.

मधे त्यांनी एक चांगली गोष्ट केली. चार वाजता कानशिलावरची एक बट ओल्या कापसाने पुसून पाहिली. पांढरा केस अजून पिवळट-तपकिरी होता, म्हणून वेळ पूर्ण दिला. घड्याळापेक्षा पुसलेली बट जास्त खरं सांगते. मानेच्या लांबीवर रंग सव्वा तासाच्या आसपास राहिला आणि टोकांवर पस्तीस मिनिटं, तरी दिवसाच्या उजेडात दोन्ही एकाच रंगाचे दिसले. टोकांना आधी लावलं असतं तर ती काळी झाली असती.

८. लावून झाल्यावर आत कुठे कोरडं राहिलंय हे कसं ओळखायचं?

आडवे थर काढून लावलं असेल तर तपासताना उभे भांग पाडा. त्याच रेषांवर पुन्हा पाहिलं तर राहिलेली जागा दिसतच नाही, आडव्याला उभं केलं की कोरडी पट्टी लगेच डोळ्यात भरते. हे शेवटच्या थरानंतर पाच मिनिटांच्या आत करा. कानामागे, मानेच्या कडेला आणि डोक्याच्या उंच जागेवर, जिथे दोन भांग एकमेकांना छेदतात, तिथे नक्की पाहा. लांबीसाठी बट दोन तळव्यांत धरून दाबा. रंग लागला असेल तर ती सगळीकडून सारखी निसरडी लागते.

९. केस ओले असावेत की कोरडे? तेल लावलेले चालतात का?

पूर्ण कोरडे, आदल्या दिवशी धुतलेले, तेल नसलेले, गुंता काढलेले. ओल्या केसात पाणी रंगाला पातळ करतं आणि तो थरातून ओघळतो. पावसाळ्यात आपल्याकडे दाट केस आतून रात्रभर ओलसर राहतात, वरून हात लावून कळत नाही. आंबाड्याच्या जागी बोटं घालून पाहा, शंका आली तर ड्रायर फिरवा. आणि लावताना पंखा बंद. घाम येईल, पण पंख्याखाली कपाळाच्या कडेचा पातळ थर सुकतो आणि सुकलेला रंग काम थांबवतो.

१०. आमच्याकडे, घोडबंदरला, उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं. त्याने फरक पडतो का?

पाणी बोअरवेलचं, जड असेल तर पडतो. त्यातले क्षार महिनोन्महिने केसांवर साठतात, सर्वांत जास्त जुन्या टोकांवर, आणि तिथे रंग अडखळतो. रंगवण्याच्या आदल्या दिवशी केस खोलवर साफ करणाऱ्या शाम्पूने धुवा, त्या वेळी कंडिशनर लावू नका.

पण त्याहून आधी पाणी आहे ना ते बघा. दाट लांब केसांतला रंग निघायला दोन-तीन बादल्या लागतात. कपातीच्या दिवशी डोक्यावर रंग घेऊन बसलेल्या बाईचे फोन आम्हाला येतात. आधी बादल्या भरून ठेवा, मग वाडगा घ्या. धुताना लगेच पाणी ओतू नका. ओंजळभर कोमट पाणी घेऊन मुळांवर दोन-तीन मिनिटं बोटांनी चोळा. त्वचेवरचे डाग सुटतात आणि मुळं-लांबीमधली रेषा सौम्य होते.

११. मदतीला कुणी नाही. एकटीने जमेल?

मुळं जमतील, मागे एक आरसा धरून. पहिल्यांदाची पूर्ण लांबी एकटीने करू नका. दाट केसांचा मागचा भाग न दिसता अर्धा सेंटीमीटरचा थर काढता येत नाही, आणि हात दुखायला लागले की थर जाड होत जातात.

१२. दोन वर्षं मेंदी लावतेय. आता रंग लावायचाय. क्रम बदलतो का?

क्रमाआधी मेंदी कसली ते बघा. नुसत्या पानांची मेंदी असेल तर तिच्यावर गडद रंग चढतो. पण मेंदी लागलेली लांबी आणि नवी मुळं रंग वेगवेगळा घेतात, त्यामुळे मुळं वेगळी आणि लांबी वेगळी धरूनच चला. तयार पाकिटातल्या काही मेंदींत धातूचे क्षार असतात. त्यांच्यावर डेव्हलपर लागला तर केस गरम होतात, रंग विचित्र येतो, केस तुटूही शकतात. म्हणून मानेजवळची एक बारीक बट कापून तिला मिसळलेला रंग लावा आणि पूर्ण वेळ ठेवा. बट गरम झाली, हिरवट झाली किंवा ताणल्यावर तुटली तर थांबा.

'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या अनेक पाकिटांत प्रत्यक्षात पीपीडी हाच रासायनिक रंग असतो. तिच्यावर रंग लावणं म्हणजे प्रश्न ४ मधलाच थरावर थर.

१३. पॅच टेस्ट खरंच लागते? मी आधी लावलाय, काही झालं नाही.

लागते, दर वेळी. पीपीडीची ॲलर्जी अनेक वेळा लावल्यानंतरही सुरू होऊ शकते. पत्रकात सांगितल्याप्रमाणे कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावा आणि ४८ तास थांबा. खाज, लाली, सूज आली तर तो रंग लावायचा नाही. दाट लांब केसांना रंग तीन-चार पट जास्त लागतो आणि तो त्वचेवर जास्त वेळ राहतो, म्हणून इथे हयगय नको. डोक्यावर जखम किंवा पुरळ असेल तरी पुढे ढकला.

१४. रंग लावून झाला आणि एकसारखा आलाच नाही. आता काय?

आधी कोरड्या केसांवर, दिवसाच्या उजेडात पाहा. ओल्या केसांवर आणि ट्यूबलाइटखाली अंदाज चुकतो.

आत कोरडे राहिलेले पट्टे असतील तर तेवढेच थर वेगळे काढून, बाकीचे केस फॉइलने किंवा प्लास्टिकने झाकून, त्याच शेडने भरा. सगळ्या डोक्याला पुन्हा लावलं तर चांगला आलेला भागही काळा पडेल.

मुळं उजळ आणि लांबी गडद आली असेल तर लांबीला हात लावू नका. फक्त उजळलेल्या सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरवर एका नंबरने गडद शेड १० व्हॉल्यूमच्या डेव्हलपरमध्ये मिसळून लावा. दहा मिनिटांनंतर दर पाच मिनिटांनी बट पुसून पाहा आणि जुळली की धुवा. उलट, टोकं काळी पडली असतील तर घरी उपाय नाही. ती कापावी लागतात किंवा पार्लरमध्ये रंग उतरवून घ्यावा लागतो. तिथे जाताना आजवर काय काय लावलं आणि कधी, हे लिहून न्या. मेंदी लावली असेल तर ती पहिल्या ओळीत लिहा.